शून्याकडे निघालेली क्रमिका सत्ताविसाव्या पदाला ऋण का होते?

न्यूमेरिकल मेथड्सच्या प्रॅक्टिकलला मी एक साधा सराव देतो, आणि दर वर्षी कुणी ना कुणी तीच तक्रार घेऊन येतं: "सर, पंचवीसपर्यंत ठीक होतं, मग उत्तर उलटं फिरलं. प्रोग्रॅम तीनदा तपासला." प्रोग्रॅममध्ये चूक नसते. एकदा तर एका मुलीने सगळं कागदावर हाताने केलं होतं, तरीही तेच झालं. तोंडी समजावून कंटाळलो, म्हणून इथे नीट लिहून ठेवतो.

सराव असा. सुवर्ण गुणोत्तराचा व्यस्त, म्हणजे ०.६१८०३३९८८७४९८९…, याला आपण g म्हणू. त्याचा गुणधर्म म्हणजे `g² = 1 − g`. दोन्ही बाजूंना `gⁿ` ने गुणलं की `gⁿ⁺² = gⁿ − gⁿ⁺¹` मिळतं. म्हणजे g चे घात काढायला गुणाकाराची गरजच नाही. पहिली दोन पदं १ आणि g घ्या, आणि पुढचं प्रत्येक पद मागच्या दोघांच्या वजाबाकीतून काढत चला:

```
x(n+2) = x(n) − x(n+1),   x(0) = 1,   x(1) = g
```

उत्तर दर पावलाला ०.६१८ पटीने लहान व्हायला हवं, कायम धन राहायला हवं आणि शून्याकडे जायला हवं. आता g साठी दहा दशांश स्थळं घेऊन ०.६१८०३३९८८७ लिहू. दशांश चिन्ह सांभाळायचा त्रास नको म्हणून सगळं १०¹⁰ ने गुणून पूर्णांकांत मांडतो:

```
x0  = 10000000000
x1  =  6180339887
x2  =  3819660113
x3  =  2360679774
...
x20 =      664445
x21 =      403102
x22 =      261343
x23 =      141759
x24 =      119584
x25 =       22175
x26 =       97409
x27 =      -75234
x28 =      172643
x29 =     -247877
x30 =      420520
```

बावीसपर्यंत शंका येत नाही. चोविसावं पद तेविसाव्याच्या ०.६१८ पट हवं होतं, पण ते ०.८४ पट आहे. सव्विसावं पंचविसाव्यापेक्षा मोठं झालं. सत्ताविसावं ऋण. त्यानंतर चिन्ह एकाआड एक बदलतंय आणि आकडे फुगत चालले आहेत.

इथे बहुतेकांचा पहिला संशय वजाबाकीवर जातो. तो आधी बाजूला काढू. वरचे सगळे आकडे पूर्णांक आहेत. पूर्णांकातून पूर्णांक वजा केला की काहीच कापलं जात नाही, पूर्णांकनाची चूक शिरायला जागाच नाही. हव्या तर एकेक ओळ ताडून बघा, प्रत्येक वजाबाकी शंभर टक्के बरोबर आहे. तेव्हा "चूक साचत गेली" हे जे उत्तर मुलं घाईघाईने देतात ते इथे लागू नाही. नवी चूक एकदाही झालेली नाही. जी झाली ती x1 लिहिताना, एकदाच: खऱ्या आकड्याची ०.००००००००००४९८९… एवढी शेपटी आपण टाकून दिली. आपल्या पूर्णांक एककात म्हणजे अर्ध्याहूनही कमी, ०.४९८९. प्रश्न एवढाच उरतो की अर्ध्या एककाची चूक तिसाव्या पदाला चार लाखांची कशी होते.

याचं उत्तर मिळवायला एक क्रमिका सोडून सगळ्या क्रमिकांकडे एकदम बघावं लागतं. `x(n+2) = x(n) − x(n+1)` हा नियम पाळणाऱ्या क्रमिका असंख्य आहेत. त्यातल्या कुठल्याही दोन घेऊन पदशः बेरीज केली तर मिळणारी क्रमिकाही हाच नियम पाळते. एखादीला ठरावीक संख्येने गुणलं तरी नियम मोडत नाही. म्हणजे या सगळ्या मिळून एक सदिश अवकाश होतो. आणि त्याची मिती दोनच, कारण x(0) आणि x(1) हे दोन आकडे ठरले की पुढचं सगळं ठरलं, आणि हे दोन आकडे हवे ते घेता येतात. क्रमिका अनंत लांब असली तरी ती निवडायला दोनच आकडे लागतात. त्यामुळे प्रत्येक क्रमिका म्हणजे आलेखकागदावरचा एक बिंदू समजा: आडव्या अक्षावर x(0), उभ्या अक्षावर x(1).

प्रतलात दोन मितींचा सगळ्यात सरळ आधार म्हणजे (१, ०) आणि (०, १). इथेही तेच करायचं. १, ० ने सुरू होणारी क्रमिका A आणि ०, १ ने सुरू होणारी क्रमिका B. आपलाच नियम लावून त्या लिहून काढू:

```
n :  0   1   2   3   4   5   6   7   8
A :  1   0   1  -1   2  -3   5  -8  13
B :  0   1  -1   2  -3   5  -8  13 -21
```

ओळखीचे आकडे आले. चिन्हं बाजूला ठेवली तर ह्या फिबोनाचीच्या संख्या. (फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं. मात्रावृत्तांत लघु-गुरू किती प्रकारे बसतात हे मोजताना विरहांकाने हीच क्रमिका त्याच्या कितीतरी आधी मांडली होती, आणि बाराव्या शतकात हेमचंद्रानेही. चार मात्रा पाच प्रकारे, पाच मात्रा आठ प्रकारे. हातावर ताल धरून मोजून बघा.) F(1) = F(2) = 1 धरलं तर `A(n) = (−1)ⁿ F(n−1)` आणि `B(n) = (−1)ⁿ⁺¹ F(n)`.

हा नैसर्गिक आधार. याला नैसर्गिक म्हणायचं कारण असं की त्याचे सहगुणक शोधावे लागत नाहीत. सुरुवातीचे दोन आकडेच सहगुणक असतात:

```
x(n) = x(0)·A(n) + x(1)·B(n)
```

आता दुखणं कुठे आहे ते या एका ओळीत दिसतं. x(1) मध्ये d एवढी चूक असेल तर n व्या पदात चूक `d·B(n)` एवढी असणार. याला अंदाज म्हणू नका, ही समानता आहे. आणि B(n) वाढत जाते. जी क्रमिका आपल्याला हवी आहे ती लहान होत जाते, पण तिला बांधायला वापरलेल्या दोन्ही विटा फुगत जातात. चाळिसाव्या पदाचं बघा: `x(40) = 63245986·x(0) − 102334155·x(1)`. सव्वासहा कोटींच्या आकड्यातून जवळजवळ तेवढाच आकडा वजा करून ०.००००००००४ च्या घरातलं उत्तर आपण मागतोय, आणि x(1) मधल्या चुकीला दहा कोटींनी गुणतोय.

विसाव्या पदाचा हिशेब पूर्ण करून बघू. g चा विसावा घात आपल्या एककात ६६१०६९.६ येतो. आपण g ला ०.४९८९४८ एककाने कमी लेखलं, म्हणून d = −०.४९८९४८. B(20) = −६७६५. गुणाकार +३३७५.४. बेरीज ६६४४४५.० आणि कोष्टकात x20 = ६६४४४५. तिसाव्या पदाला खरं मूल्य ५३७५ च्या आसपास, चुकीचा वाटा ४१५१४५, बेरीज ४२०५२०. तंतोतंत. आता त्या कोष्टकात अनाकलनीय असं काही उरलं नाही.

याच समानतेतून एक उपयोगी चाचणी निघते. तुमच्या प्रोग्रॅममध्ये खरोखरच चूक आहे की हेच दुखणं आहे, हे वेगळं कसं करायचं? x1 चा शेवटचा अंक एकाने बदला: ६१८०३३९८८७ ऐवजी ६१८०३३९८८८. विसावं पद बरोबर ६७६५ ने घटायला हवं, म्हणजे ६५७६८०. तसं झालं तर प्रोग्रॅम निर्दोष आहे आणि दोष प्रश्नाच्या स्वभावात आहे. नाही झालं तर अनुक्रमांकाची किंवा चिन्हाची गडबड शोधा. पण ती गडबड असेल तर शक्यतो दुसऱ्या-तिसऱ्या पदालाच दिसते, पंचविसाव्यापर्यंत लपून बसत नाही. आणखी एक खूण आहे. लागोपाठच्या पदांचं गुणोत्तर बघा. निरोगी असताना ते ०.६१८ असतं, बिघडल्यावर ते −१.६१८ कडे जातं. आपल्या कोष्टकात शेवटची दोन गुणोत्तरं −१.४४ आणि −१.७० आहेत, म्हणजे ते −१.६१८ च्या भोवती झोके घेत स्थिरावतंय.

हा −१.६१८ कुठून आला? नियमात `x(n) = rⁿ` घातलं तर `r² + r − 1 = 0`, आणि त्याची मुळं दोन: g = ०.६१८… आणि −१.६१८…. म्हणजे याच अवकाशात दुसरा एक आधारही आहे: एक क्रमिका विरत जाणारी, दुसरी चिन्ह बदलत फुगणारी. सोयीसाठी φ = १.६१८… लिहू. कुठलीही क्रमिका `a·gⁿ + b·(−φ)ⁿ` अशी लिहिता येते आणि

```
b = ( g·x(0) − x(1) ) / √5
```

पुस्तकात हाच आधार आधी शिकवतात आणि नैसर्गिक आधाराचं नावही निघत नाही, हे मला पटत नाही. भूमितीय आधाराने बिघाड कसा वाढतो ते कळतं, पण तुम्ही टाइप केलेल्या आकड्यातली चूक थेट दाखवतो तो नैसर्गिक आधार. शिवाय दोन्ही मुळं समान आली तर rⁿ, rⁿ असा आधार होतच नाही, मग n·rⁿ आणावा लागतो. नैसर्गिक आधाराला असली अडचण कधीच येत नाही.

असो. b शून्य असेल तरच क्रमिका शून्याकडे जाते. b शून्य म्हणजे `x(1) = g·x(0)`. आलेखकागदावर ही मूळबिंदूतून जाणारी एक रेषा आहे, उतार ०.६१८…. अख्ख्या द्विमितीय अवकाशात विरत जाणाऱ्या क्रमिका फक्त या एका रेषेवर आहेत. रेषेपासून केसभर सरकलात की b शून्य राहत नाही, आणि दर पावलाला बिघडलेला वाटा चांगल्या वाट्याच्या तुलनेत २.६१८ पट होत जातो. आपल्या दहा अंकांच्या उदाहरणात b सुमारे २.२ × १०⁻¹¹ आहे. २.६१८ चा कितवा घात घेतला की तो एकाला पोहोचतो? साडेपंचविसावा. कोष्टकात घोटाळा नेमका तिथेच आहे.

"मग जास्त अंक घेऊ." हे पुढचं वाक्य ठरलेलं. घ्या. पण एक अंक वाढवला की फक्त २.४ पावलं वाढतात. पन्नासाव्या पदाला पोहोचायला वीस अंक लागतील, आणि तिथेही उत्तराचा एकही अंक विश्वासाचा नसेल. शंभर अंक घेतलेत तरी क्रमिका कधीतरी उलटणारच. याची सिद्धता चार ओळींची आहे आणि मला ती फार आवडते. x(0) आणि x(1) हे एखाद्या ठरावीक एककाच्या पूर्णांक पटीत असतील, उदाहरणार्थ १०⁻¹⁰⁰ च्या, तर पुढची सगळी पदंही त्याच एककाच्या पूर्णांक पटीत राहतात. अशी क्रमिका शून्याकडे गेली तर एका टप्प्यानंतर तिला शून्यच व्हावं लागेल, कारण शून्य आणि एक एकक यांच्या मध्ये उभं राहायला जागा नाही. पण लागोपाठची दोन पदं शून्य असतील तर नियम मागे चालवून सगळीच पदं शून्य येतात, पहिलं १ सुद्धा. म्हणजे विरोधाभास. थोडक्यात, त्या रेषेचा उतार अपरिमेय आहे आणि संगणकात लिहिता येणारा प्रत्येक आकडा परिमेय. मूळबिंदू सोडला तर संगणकाचा एकही बिंदू त्या रेषेवर नाही.

संगणकाच्या डबल प्रिसिजनमध्ये हेच जसंच्या तसं घडतं:

```python
import math
x, y = 1.0, (math.sqrt(5) - 1) / 2
for n in range(2, 81):
    x, y = y, x - y
    if y < 0:
        print(n, y)
        break
```

हे चाळिसाव्या पदाला थांबतं आणि −१.१९ × १०⁻⁹ च्या आसपासचा आकडा छापतं. खरं मूल्य +४.३७ × १०⁻⁹. इथेही वजाबाकी निर्दोष आहे: ०.६१८… हा आकडा डबलमध्ये २⁻⁵³ च्या पूर्णांक पटीत साठवला जातो, पुढची सगळी पदंही त्याच पटीत येतात, आणि ती १ च्या आत असेपर्यंत डबलमध्ये जशीच्या तशी मावतात. साठवलेला g खऱ्यापेक्षा ५.४३ × १०⁻¹⁷ ने मोठा आहे, बस्स, एवढंच पाप. चाळिसाव्या पदाला ते F(40) ने गुणलं जातं: ५.५६ × १०⁻⁹. ४.३७ मधून ५.५६ गेले, उरले −१.१९. `break` काढून ऐंशीपर्यंत चालू दिलंत तर ऐंशीवं पद −१.२७२ येतं. जिथे सतरा दशांश स्थळांपर्यंत जवळपास शून्य हवं, तिथे सव्वा!

काही जण ऋण उत्तर आलं की त्याच्या जागी शून्य टाकतात. कृपया नको. त्याने आकडा दिसायला बरा होतो आणि सव्विसाव्या पदातला घोटाळा, जो धन आहे, तसाच राहतो.

आता उपाय. नियम उलटा फिरवा: `x(n) = x(n+1) + x(n+2)`. मागे चालताना दोन्ही मुळांची भूमिका बदलते. आपल्याला हवी असलेली क्रमिका दर पावलाला १.६१८ पट मोठी होते आणि नको असलेली ०.६१८ पट लहान. म्हणजे पुढे जाताना जो बिघाड वाढत होता तोच मागे येताना मरतो. त्यामुळे सुरुवात कुठल्याही आकड्यांनी केली तरी चालते. खूप पुढचं पद x(M) = ० आणि त्याआधीचं १ असं बिनधास्त माना, शून्यापर्यंत मागे या आणि शेवटी x(0) = १ होईल असं सगळ्यांना भागा:

```python
M = 80
x = [0.0] * (M + 1)
x[M-1] = 1.0
for n in range(M-2, -1, -1):
    x[n] = x[n+1] + x[n+2]
k = x[0]
x = [v / k for v in x]
```

यात g चा पत्ताही नाही, वर्गमूळही नाही. आपण रेषा शोधलीच नाही, मागे चालल्यावर उत्तर आपोआप रेषेला जाऊन चिकटलं. कागदावर बघायचं तर M = २० घ्या. मागे येताना ०, १, १, २, ३, ५… असे फिबोनाचीचेच आकडे येतात, आणि x(0) ला ६७६५. दहावं पद ५५/६७६५ = ०.००८१३००८. खरं ०.००८१३०६२. M चाळीस केलं तर ८३२०४०/१०२३३४१५५, ज्याचे बारा सार्थ अंक बरोबर येतात.

M किती घ्यायचा? n व्या पदातली सापेक्ष चूक g च्या 2(M − n) व्या घाताएवढी असते. त्यामुळे जे शेवटचं पद हवं त्याच्या चाळीस पुढे M घ्या, डबलची सगळी अचूकता मिळते. M च्या जवळची पदं मात्र वापरू नका. x(M) शून्य आहे हे आपण नुसतं मानलं होतं, आणि त्या टोकाला ती खोटी समजूत अजून मेलेली नसते.

प्रत्येक वेळी मागेच चालायचं असं नाही. हवी असलेली क्रमिका दोघींमध्ये मोठी होणारी असेल, तर पुढे चालणंच योग्य. तिथे चूक तुलनेने लहान होत जाते. `x(n+1) = 2cosθ·x(n) − x(n−1)` अशा नियमात दोन्ही मुळांचं माप १ असतं, B(n) ही `sin nθ / sin θ` येते, तिचं घातांकी फुगणं नाही. θ फार लहान असेल तेवढंच जपा, कारण मग छेदातला `sin θ` त्रास देतो. आणि `x(n+1) = (10/3)x(n) − x(n−1)` मध्ये मुळं ३ आणि १/३. तिथे १/३ पासून सुरू केलं तर डबलमध्ये बिघाड होतो, पण रेषेचा उतार परिमेय असल्याने पायथनच्या `Fraction` ने १, १/३, १/९… अगदी अचूक मिळतं. सुवर्ण गुणोत्तराला ती पळवाट नाही.

"पण सर, g चा घात काढायला हा उद्योग कशाला, सरळ घातच घेऊ." मान्य. हे खेळण्यातलं उदाहरण आहे. डफाच्या गोल कातड्याच्या कंपनांत येणारी बेसेल फलनं हे खरं उदाहरण. x = १ साठी त्यांचा नियम `J(n+1) = 2n·J(n) − J(n−1)`. सहगुणक n बरोबर बदलतो, म्हणून मुळं काढून rⁿ लिहायची सोय नाही. पण दोन आकड्यांवरून सगळं ठरतं हे अजूनही खरं, म्हणजे अवकाश द्विमितीयच आणि नैसर्गिक आधारही शाबूत. त्या अवकाशात J च्या शेजारी Y नावाची दुसरी एक क्रमिका राहते, आणि ती प्रचंड वेगाने फुगते. चार अंकांनी पुढे चालून बघा. J(0) = ०.७६५२, J(1) = ०.४४०१. मग ०.११५०, ०.०१९९, ०.००४४, आणि पाचवं ०.०१५३. खरं J(5) आहे ०.०००२४९७६. दोन मुळं २.६ पटीने दूर जाणाऱ्या उदाहरणात पंचवीस पावलं मिळाली होती, इथे पाचातच खेळ संपला.

मागे चालायची ही रीत जे. सी. पी. मिलर यांनी बेसेल फलनांच्या कोष्टकांसाठीच वापरात आणली. x = १ साठी ती पूर्णांकांत, हातानेही होते. आठवं पद ०, सातवं १ माना आणि `j(n−1) = 2n·j(n) − j(n+1)` ने मागे या:

```
j8 = 0
j7 = 1
j6 = 14
j5 = 167
j4 = 1656
j3 = 13081
j2 = 76830
j1 = 294239
j0 = 511648
```

आता भागायचं कशाने? J(0) माहीत नाही असं धरू. बेसेल फलनांची एक ओळख आहे: J(0) + 2J(2) + 2J(4) + 2J(6) + … = 1. आपल्या आकड्यांची तशी बेरीज ५११६४८ + १५७००० = ६६८६४८ होते. त्याने भागलं की J(0) = ०.७६५१९७८, J(1) = ०.४४००५०७, J(5) = ०.०००२४९७५८. पहिल्या दोघांत सातव्या दशांश स्थळी एकाचा फरक आहे, पाचवं तर नऊ दशांश स्थळांपर्यंत बरोबर आहे. सातवं मात्र १/६६८६४८ = ०.०००००१४९६ येतं आणि खरं ०.०००००१५०२ आहे. आठवं पद शून्य मानल्याची ती किंमत. सातवंही नीट हवं असेल तर सुरुवात बाराव्यापासून करा.